गाडी रद्द नव्हती, लेट होती

आमच्या ओमची एकच तक्रार होती, आणि ती महिनाभर मी जेवताना ऐकत होतो. पप्पा, मी भिंतीआड गेलेलो असतो तरी मरतो. म्हणजे व्हॅलोरंट या बंदुकांच्या ऑनलाइन गेममध्ये त्याच्या स्क्रीनवर तो कोपऱ्याआड सुरक्षित पोचलेला असतो आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदाने गोळी लागून पडतो. कारण मुंबईच्या सर्व्हरला तो भिंतीआड गेल्याची खबर पोचलेलीच नसते, सर्व्हरच्या हिशोबाने हा अजून उघड्यावर उभा असतो. हे रोज व्हायचं नाही, आणि दिवसा तर कधीच नाही. संध्याकाळी साडेआठनंतर सुरू व्हायचं, कधी दहा मिनिटं टिकायचं, कधी तासभर. मग तो माइकवर ओरडायचा, "अरे भो, मी आत गेलो होतो ना!" आणि त्याच्याच टीममधले चार जण म्हणायचे की तुझं नेट बदल.

त्यात त्यांची टीम एका ऑनलाइन टुर्नामेंटच्या फायनलला पोचली. रविवारी रात्री नऊ वाजता, बेस्ट ऑफ थ्री. पोराचं वय सोळा, दहावीची परीक्षा संपलेली, त्यामुळे अभ्यासाचं नाव काढून गप्प बसवायचीही सोय नव्हती.

मी भुसावळला रेल्वेत सिग्नल खात्यात आहे. गेमिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण फॉल्ट शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. रुळावर गाडी आहे का ते सांगणारं ट्रॅक सर्किट फेल झालं की आधी जिथून करंट सोडतात त्या फीड एंडला व्होल्टेज बघायचं, मग दुसऱ्या टोकाच्या रिले एंडला, इकडे आहे आणि तिकडे नाही तर बिघाड मधे आहे, मग मधल्या लोकेशन बॉक्सला जायचं आणि परत अर्धा भाग बाद करायचा. अंदाजाने वस्तू बदलत बसायचं नसतं. ओमने मात्र तोवर सगळं अंदाजानेच केलेलं, नवी लॅन केबल आणली, ग्राफिक्स कमी केले, एकदा तर कूलरच्या मोटरमुळे लॅग येतो म्हणून मे महिन्यात भुसावळमध्ये कूलर बंद करून बसला होता आणि घामाने निथळत होता (लॅग होताच). केबलवाल्याला फोन केला की तो म्हणायचा स्पीड टेस्ट करा, आणि स्पीड टेस्टला डाउनलोड चाळीस एमबीपीएस बरोबर यायचा, मग तो म्हणायचा आमच्याकडून काही नाही.

आता हे स्पीड टेस्टचं जे आहे ना, त्यात बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो. या गेमला एक एमबीपीएससुद्धा लागत नाही. त्याला लागतं ते वेळेवर पोचणं. भुसावळहून मुंबई रेल्वेने साधारण साडेचारशे किलोमीटर, फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन नऊशे किलोमीटरला साडेचार मिलिसेकंद. तारा काही सरळ रेषेत नसतात आणि वाटेत मशिनं असतात, त्यामुळे आमचा पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, एरवी बावीस मिलिसेकंद यायचा, तो ठीकच आहे. स्पीड चाळीस असो नाहीतर चारशे, हे बावीस काही त्याने कमी होत नाहीत.

गुरुवारी मला सुट्टी होती. संध्याकाळी त्याला म्हटलं, गेम चालू ठेव आणि बाजूला कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या विंडो उघड.

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिली आपल्याच घरातल्या बॉक्सला विचारते, म्हणजे केबलवाल्याने भिंतीवर लावलेला तो पांढरा डबा. दुसरी घराबाहेर लांब कुठेतरी विचारते. पीसी लॅन केबलवर होता, वायफायवर नाही, त्यामुळे तो एक फाटा आपोआप बाद झालेला. (तुमचं वायफाय असेल तर आधी केबल लावून बघा, नाहीतर पुढचं सगळं फसवं निघेल. वायफायचा त्रास असेल तर पहिलीच विंडो हलायला लागते.)

आठ चाळीसला माझी आई आतून ओरडली, "काय करी राहिनात रे बापलेक, जेवाले चला!" आई मूळची पारोळ्याकडची, घरात अहिराणीच बोलते. आम्ही आलो आलो म्हणत बसून राहिलो, आणि तेवढ्यात दुसऱ्या विंडोतले आकडे चढायला लागले. बावीस, तेवीस, ऐंशी, दोनशे दहा, चारशे, सहाशे वीस. आणि पहिल्या विंडोत शांतपणे एक मिलिसेकंदाच्या आतबाहेर. म्हणजे पीसी ते डबा हा भाग निर्दोष. फॉल्ट डब्याच्या पुढे.

ओम लगेच म्हणाला, बघा, केबलवाल्याचीच लाइन खराब आहे. मी त्याला म्हटलं थांब, अजून एक गोष्ट बघ. पाच मिनिटांनी कंट्रोल-सी दाबलं की खाली हिशोब येतो, किती पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, गेले आणि किती परत आले. हरवलेले शून्य. मला तिथेच गंमत वाटली, कारण तार खराब असती, जोड सैल असता, गंजलेला कनेक्टर असता तर पॅकेट गहाळ झाले असते. इथे एकही गहाळ नाही, प्रत्येक पॅकेट पोचतोय, फक्त उशिरा. गाडी रद्द होणं आणि गाडी लेट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे भुसावळच्या माणसाला वेगळं सांगायला नको. लेट होण्याचा अर्थ ती कुठेतरी उभी आहे. कुणाच्या तरी मागे.

मग कुणाच्या मागे हे शोधायचं. अर्ध्यातून तोडायचं परत. मी डब्याचं वायफायच बंद केलं, पिंग दोन सेकंदात बावीसवर. चालू केलं, मिनिटभरात परत चढला. मग घरातलं एकेक बंद करत गेलो, टीव्ही काढला, काही फरक नाही, माझा फोन काढला, काही नाही, हिचा फोन स्वयंपाकघरातल्या चार्जिंगवरून काढून वायफाय बंद केलं आणि खाड्कन बावीस.

झालं असं होतं की एप्रिलमध्ये अमळनेरला साल्याच्या मुलीचं लग्न झालं, हळदीपासून पाठवणीपर्यंत हिने फोनवर व्हिडिओ काढले, तेही फोर-के मध्ये, कारण कुणीतरी भाच्याने तसं सेटिंग करून दिलेलं. फोनमध्ये फोटो-व्हिडिओचा बॅकअप होता, तो फक्त वायफाय आणि चार्जिंग दोन्ही असेल तेव्हाच चालायचा. ही संध्याकाळची कामं आटोपून साडेआठला फोन चार्जिंगला लावायची. म्हणून दिवसा कधी सापडलं नाही, आणि म्हणून केबलवाल्याचा माणूस दुपारी येऊन गेला तेव्हा सगळं उत्तम होतं.

पण ओमचा प्रश्न रास्त होता. एक फोन वर व्हिडिओ चढवतोय तर गेमला अर्धा सेकंद उशीर का व्हावा, गेमला तर नखाएवढी जागा लागते. याचं उत्तर मी त्याला वहीत आकडे मांडून दाखवलं आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली समजून घेण्यासारखी गोष्ट तेवढीच आहे.

आमचा अपलोड चार एमबीपीएस. डाउनलोड चाळीस आणि अपलोड चार, हे कुणी बघतच नाही, स्पीड टेस्टमध्ये खाली लिहिलेलं असतं. एक मोठं पॅकेट पंधराशे बाइटचं, म्हणजे बारा हजार बिट, चार एमबीपीएसच्या लाइनवर ते बाहेर पडायला तीन मिलिसेकंद लागतात. डब्यातून बाहेर जायचा रस्ता एकच. फोन व्हिडिओचे पॅकेट त्यापेक्षा भराभर आणून टाकतो, तेव्हा डबा त्यांना आपल्या मेमरीत रांगेत उभं करतो. आमच्याकडे सहाशे मिलिसेकंद जास्त लागत होते, भागिले तीन, म्हणजे दोनशे पॅकेट रांगेत उभे. दोनशे गुणिले पंधराशे, तीनशे किलोबाइट. एवढीशी ती मेमरी, पण यार्डात आधीच दोनशे वाघिणी उभ्या आहेत आणि मागून ओमची एकटी ट्रॉली आली, तिला पुढचा सगळा यार्ड रिकामा होईपर्यंत थांबावं लागतं. गेमचं पॅकेट छोटं आहे याचा काही उपयोग नाही, कारण वेळ त्याच्या आकाराने ठरत नाही, पुढे किती उभे आहेत त्याने ठरते.

"मग फोनला कळत नाही का पुढे गर्दी आहे?" असं त्याने विचारलं. नाही कळत, आणि तिथेच खरी गोम आहे. अपलोड करणारा प्रोग्राम वेग वाढवत जातो आणि पॅकेट हरवलं की समजतो आता जास्त झालं, मग वेग कमी करतो. हरवणं हाच त्याचा सिग्नल. डबे बनवणाऱ्यांनी मेमरी स्वस्त झाली तशी ती भरमसाट घातली, पॅकेट हरवायला नको म्हणून. रांग पूर्ण भरेपर्यंत काही हरवत नाही म्हणून फोनला वेळेत थांब असं कुणी सांगतच नाही, आणि रांग कायम भरलेली राहते. याला इंग्रजीत बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरला २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या नेटवर हेच दिसलं आणि त्यांनी ते सगळीकडे मांडलं. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी उपाय काढला, त्यात रांगेची लांबी मोजत नाहीत, पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते मोजतात. पाच मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागणं हे सतत शंभर मिलिसेकंद चाललं तर एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देतात, म्हणजे पाठवणाऱ्याला खबर लागते.

एवढं कळल्यावर सोपा उपाय समोर होता, फायनलच्या रात्री हिचा बॅकअप बंद करायचा. पण शनिवारी लग्नसराईमुळे आमच्याकडे चाळीसगावचे पाहुणे मुक्कामाला येणार होते, सहा-सात फोन, प्रत्येकाला आल्या आल्या वायफायचा पासवर्ड पाहिजे, आणि पाहुण्याला फोन बंद ठेवा असं आपल्याकडे कोण सांगणार. डब्याच्या सेटिंगमध्ये क्यूओएस नावाचं एक पान होतं, त्यात पीसीला हाय प्रायोरिटी दिली, काडीचा फरक पडला नाही. तो डबा लाइन खरोखर किती चालते हे न बघता नुसती प्राधान्याची यादी ठेवतो, रांग त्याच्या अगदी बाहेर पडायच्या दाराशी साचते, तिथे ती यादी पोचत नाही.

खरा उपाय थोडा उलटा वाटतो. आपणच आपली लाइन लाइनपेक्षा जराशी हळू करायची. चारची लाइन असेल तर आपल्या राउटरने तीन पॉइंट सहाच्या वर काही बाहेर सोडायचंच नाही, मग पुढच्या डब्यात रांग साचतच नाही, रांग आपल्या राउटरमध्ये साचते, आणि आपला राउटर शहाणा असेल तर तो ती नीट हाताळतो. घरात एक जुना राउटर पडलेला होता, ओमने त्यात आधीच ओपन-डब्ल्यूआरटी टाकून ठेवलेलं, कशासाठी ते त्यालाच माहीत. हे फुकट सॉफ्टवेअर आहे, सगळ्या राउटरवर चालत नाही, आपलं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघावं लागतं, नाहीतर राउटरचा दगड होतो.

त्यात एसक्यूएम नावाचं पॅकेज टाकलं की रांग सांभाळायचं काम `cake` कडे जातं. हे `cake` म्हणजे वर सांगितलेल्या कल्पनेचीच पुढची पिढी, २०१८ मध्ये लिनक्समध्ये आलं. ते प्रत्येकाची रांग वेगळी लावतं, फोनची वेगळी, पीसीची वेगळी, आणि ज्याचे पॅकेट तुरळक येतात त्याला आधी सोडतं. गेमचे पॅकेट तुरळकच असतात. त्याला गेम कोणता हे सांगावंही लागत नाही.

ओमने शुक्रवारी दुपारी हे भरलं. आकडे किलोबिटमध्ये असतात.

```
uci set sqm.@queue[0].interface='wan'
uci set sqm.@queue[0].download='34000'
uci set sqm.@queue[0].upload='3600'
uci set sqm.@queue[0].qdisc='cake'
uci set sqm.@queue[0].script='piece_of_cake.qos'
uci set sqm.@queue[0].enabled='1'
uci commit sqm
/etc/init.d/sqm restart
```

`wan` च्या जागी काही राउटरवर दुसरं नाव असतं, ते इंटरफेसच्या पानावर दिसतं. जुन्या राउटरचा पत्ताही आधी `192.168.2.1` करावा लागला, दोन्ही डबे स्वतःला एकच पत्ता सांगत होते. मग तो पांढऱ्या डब्याला जोडून पीसी आणि हिचा फोन त्यावर घेतला, व्हिडिओ मुद्दाम चढवायला लावला आणि पिंग लावला. चोवीस, सत्तावीस, पंचवीस. पोरगा खुर्चीवरून उठून नाचला. मी म्हटलं रात्री बघू.

रात्री नऊला परत तीनशे.

त्याचा चेहरा बघवत नव्हता. म्हणे पप्पा हे सगळं भंकस आहे. पण आता आमच्याकडे मोजायची पद्धत होती, त्यामुळे भांडायची गरज नव्हती. दोन शक्यता, एक तर कुणीतरी आपल्या राउटरला वळसा घालून जातंय, नाहीतर लाइनच बारीक झालीय. पहिली लगेच निघाली, पांढऱ्या डब्याचं वायफाय चालूच होतं आणि टीव्ही जुन्या सवयीने त्यालाच चिकटलेला. ते वायफाय बंद केलं, सगळ्यांना आपल्या राउटरवर आणलं, पिंग तीनशेवरून पावणेदोनशेवर आला. कमी झाला पण गेला नाही. मग एसक्यूएम बंद करून रात्रीचाच अपलोड मोजला आणि तो तीन पॉइंट दोन निघाला. दुपारचे चार रात्री चार राहत नव्हते, गल्लीतली सगळी घरं एकाच केबलवर, नऊ वाजता सगळे बसतात. आम्ही दार ठेवलं होतं तीन पॉइंट सहाचं आणि पुढचा रस्ता होता तीन पॉइंट दोनचा, म्हणजे रांग परत पुढच्याच डब्यात. हा आकडा आपल्या सर्वात वाईट वेळेला मोजायचा असतो, सकाळी उठून मोजलेला कामाचा नाही.

अपलोड २८०० केला. शनिवारी पाहुणे आले, पासवर्ड वाटले, चाळीसगावच्या पोरांनी एकाच वेळी रील चढवले, व्हिडिओ कॉल केले, हिचं हळदीचं चालूच होतं, आणि पिंग अठ्ठावीस-तीसच्या वर गेला नाही. याची किंमत काय, तर हिचा दोन जीबीचा व्हिडिओ पूर्ण चारच्या लाइनवर साधारण सव्वा तासाला गेला असता तो आता दीड तासाच्या वर जातो. तिला अजून कळलेलं नाही, कारण ती तोवर झोपलेली असते. आणि हे जरा जास्त जोरात सांगतो कारण लोक यातून भलत्या अपेक्षा धरतात, हा उपाय फक्त आपल्या घराच्या दाराशी साचणाऱ्या रांगेवर चालतो. केबलवाल्याच्या पुढे मुंबईच्या वाटेवर गर्दी असेल तर आपल्या राउटरला तिथलं काही करता येत नाही. शिवाय स्वस्त जुन्या राउटरचा प्रोसेसर चाळीस एमबीपीएसला पुरतो, तुमची लाइन तीनशेची असेल तर तोच राउटर अडथळा होऊन बसेल.

रविवारी फायनलला मी मागे खुर्ची टाकून बसलो, कळत काहीच नव्हतं, कोपऱ्यातला आकडा तेवढा बघत होतो. पाहुण्यांना शेवभाजी वाढून झाली होती आणि सगळे पंख्याखाली आडवे होऊन फोनमध्ये. पहिला मॅप आमची पोरं तेरा-नऊने जिंकली, दुसरा हरली, तिसरा अकरा-तेराने गेला. तिसऱ्यात शेवटच्या राउंडला ओम कोपऱ्यावरून डोकावला आणि समोरच्याने आधी मारलं. आकडा तेव्हा सव्वीस होता. तो हेडफोन काढून म्हणाला, "तो फास्ट होता, पप्पा."

सोमवारी त्यांच्या टीममधल्या पाचोऱ्याच्या पोराचा फोन आला, काका माझ्याकडे पण तुमचं ते एसक्यूएम बसवून द्या, मला पण रात्रीच लॅग येतो. मी त्याला दोन्ही विंडो लावून अर्ध्या तासाने हिशोब पाठवायला सांगितलं. त्याचा पिंग पंचवीसच्या आसपास स्थिर, घरातले सगळे फोन बंद केले तरी शंभरातले चार-पाच पॅकेट गहाळ, घरातल्या डब्यापर्यंत मात्र एकही नाही. त्याला म्हटलं राउटर घेऊ नकोस, पैसे वाया जातील, तुझ्याकडे रांग नाहीये, तुझ्याकडे कुठेतरी जोड सुटलाय. केबलवाल्याला हा कागद दाखव आणि खांबावरचा कनेक्टर बघायला लाव, आणि तो दुपारी आला तर रात्री ये म्हणून सांग.